जर्मन माणूस 'हाफ थ्री' म्हणतो तेव्हा अडीच का वाजलेले असतात?

तुमची जर्मन मैत्रीण मोबाईलवर मेसेज टाकते: "halb 3?" तुम्ही मनातल्या मनात भाषांतर करता. हाल्प म्हणजे हाफ, म्हणजे अर्धा. द्राय म्हणजे तीन. हाफ थ्री, म्हणजे साडेतीन. तुम्ही आरामात आवरता, साडेतीनला पाच मिनिटं कमी असताना कॅफेत पोहोचता. मैत्रीण तिथे नसते. ती अडीचला येऊन, वाट बघून, निघून गेलेली असते.

जर्मन शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची इथे एकदा तरी दांडी उडते. आणि ही चूक पाच-दहा मिनिटांची नसते, बरोबर एका तासाची असते. डॉक्टरची अपॉइंटमेंट असेल तर ती गेली. कामाची पाळी असेल तर तासाभराचा उशीर झाला. जर्मन परीक्षेच्या पहिल्या पातळीवर ऐकण्याच्या पेपरात वेळेचे प्रश्न असतात, तिथेही चुकीच्या पर्यायात नेमकी हीच साडेतीनची वेळ दिलेली असली तर नवल वाटू नये.

पण गंमत अशी, की ही चूक होते ती आपण जर्मनकडे इंग्रजीच्या वाटेने जातो म्हणून. मराठीच्या वाटेने गेलं तर हा प्रकार अजिबात परका नाही. तो कसा, ते पाहू.

चालू असलेला तास मोजायचा

आधी उच्चार. लिहिताना शब्दाच्या शेवटी 'ब' असतो, पण बोलताना तो 'प' होतो, म्हणून 'हाल्प'. 'हाल्प द्राय' म्हणजे अडीच वाजले, दुपारचे किंवा पहाटेचे.

दोन वाजले याचा अर्थ दोन तास पूर्ण झाले. त्यानंतर जो तास सुरू होतो तो कितवा? तिसरा. पहिला तास बारा ते एक, दुसरा एक ते दोन, तिसरा दोन ते तीन. अडीच वाजता हा तिसरा तास अर्धा झालेला असतो. जर्मन माणूस नेमकं एवढंच सांगतो: तिसरा अर्धा झाला. 'तीन होऊन अर्धा तास झाला' असं तो म्हणतच नाही. त्याच्या लेखी तीन अजून व्हायचेत, त्यातला अर्धा भाग तेवढा हाती आलाय.

आपण वयाच्या बाबतीत हेच करतो. दोन वर्षं पूर्ण झालेल्या पोराबद्दल घरातली आजी म्हणते, "त्याला तिसरं लागलं." अडीच वर्षांच्या मुलाला 'तिसरं चालू आहे' म्हटलं तर कुणी त्याला तीन वर्षांचं समजत नाही. शतकांचंही तसंच. 1950 साल विसाव्या शतकाच्या मध्यावर येतं, एकोणिसाव्या नाही. जे चालू आहे त्याचा आकडा सांगायचा, जे संपलं त्याचा नाही. जर्मन घड्याळात अर्ध्या तासापुरता हाच हिशेब लावलेला आहे.

जुनी घड्याळं डोळ्यांसमोर आणली तर हे आणखी सहज पटतं. चौदाव्या शतकापासून युरोपातल्या गावांमध्ये मनोऱ्यांवर मोठी यांत्रिक घड्याळं बसू लागली. त्यांना बहुधा एकच काटा असायचा, तासाचा. मिनिटकाटा सर्रास दिसू लागला तो 1656 मध्ये क्रिस्टियान हायगेन्सने लंबकाचं घड्याळ बनवलं त्यानंतर, कारण त्याआधी मिनिट दाखवण्याइतकी अचूकता घड्याळात नव्हतीच. आता कल्पना करा, तबकडीवर एकच काटा आहे आणि तो दोन आणि तीन यांच्या बरोबर मध्ये उभा आहे. काटा चाललाय तीनकडे. 'तीनकडे जाताना अर्ध्या वाटेवर' हे वर्णन 'दोन आणि तीस मिनिटं' या वर्णनापेक्षा कितीतरी सोपं आहे. तीस मिनिटं तिथे दिसतच नाहीत.

अडीच हा शब्दसुद्धा 'हाल्प द्राय'च आहे

आता खरी मजा. आपण 'अडीच' म्हणतो, 'साडेदोन' म्हणत नाही. का?

कारण अडीच हा शब्द आला संस्कृत 'अर्धतृतीय'पासून. प्राकृतात त्याचं 'अड्ढाइज्ज' झालं, तिथून हिंदीत 'ढाई' आणि मराठीत 'अडीच'. अर्धतृतीय म्हणजे ज्यातला तिसरा अर्धा आहे ते. दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. शब्दाशी शब्द लावून बघा: अर्ध आणि हाल्प, तृतीय आणि द्राय. 'हाल्प द्राय' आणि 'अडीच' एकाच साच्यातून निघालेत. फरक एवढाच, की आपला शब्द हजार-दीड हजार वर्षांच्या वापराने इतका झिजलाय की त्यातला 'तिसरा' आता दिसत नाही. जर्मनमध्ये तो अजून उघड्यावर आहे.

अडीच एकटा नाही. 'औटघटकेचं राज्य' आपण म्हणतो, म्हणजे फार थोडा वेळ टिकणारं. यातला 'औट' म्हणजे साडेतीन, आणि तो आला 'अर्धचतुर्थ'पासून: चौथा अर्धा. एक घटका 24 मिनिटांची धरली तर औट घटका म्हणजे 84 मिनिटं, दीड तासाच्या आतच खेळ खलास. जुन्या शाळांमध्ये पोरांकडून पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी अशा अपूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर औटकीही घोकून घेत, ती याच साडेतीनची.

मग साडेतीन, साडेचार कुठून आले? 'साडे' हा 'सार्ध'पासून आला, म्हणजे अर्ध्यासह. साडेतीन म्हणजे तीन आणि वर अर्धा. ही बेरजेची पद्धत, इंग्रजीसारखी. मराठीत दोन्ही पद्धती एकत्र नांदतात आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. दीड-अडीचपर्यंत जुनी, त्यापुढे बेरजेची. जर्मनने घड्याळाच्या अर्ध्या तासासाठी सगळीकडे जुनीच ठेवली.

ही पद्धत फक्त आपल्यात आणि जर्मनांत आहे असंही नाही. डच, स्वीडिश, नॉर्वेजियन, डॅनिश लोक अडीचला 'अर्धा तीन'च म्हणतात. रशियन आणि चेक भाषांत तर सरळ 'तिसऱ्याचा अर्धा' असा क्रमवाचक शब्द वापरतात. हंगेरियन भाषा या कुटुंबातलीच नाही, तरी तिथेही अडीच म्हणजे 'अर्धा तीन'. प्राचीन रोममध्ये 'सेस्टर्शियस' नावाचं नाणं होतं. मुळात त्याची किंमत 'आस' नावाच्या नाण्याच्या अडीचपट होती, आणि नावाचा अर्थ काय, तर 'अर्धा तिसरा'. म्हणजे या मंडळींत वेगळं वागणारं कुणी असेल तर ते इंग्रजी. त्यातही कहर म्हणजे ब्रिटनमध्ये बोलताना 'पास्ट' गाळून नुसतं 'हाफ थ्री' म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ साडेतीन असतो. दिसायला तोच शब्दप्रयोग, अर्थ एका तासाने पुढे. इंग्रजी चांगलं येणाऱ्यांची फसगत जास्त होते ती याचमुळे.

म्हणून माझं मत असं, की 'हाल्प ऐकलं की आकड्यातून एक वजा करा आणि तीस मिनिटं मिळवा' हा क्लासमध्ये शिकवला जाणारा नियम बरोबर असला तरी मराठी माणसाने त्यावर अवलंबून राहू नये. बोलण्याच्या ओघात वजाबाकी करायला वेळ मिळत नाही. त्याऐवजी दोन शब्द थेट जोडून टाका: हाल्प त्स्वाय म्हणजे दीड, हाल्प द्राय म्हणजे अडीच. हे दोन पक्के बसले की हाल्प फीअर म्हणजे साडेतीन हे आपोआप पुढचं वाटतं. एकच ठिकाण जपा: 'हाल्प आइन्स', अर्धा एक. हे साडेबारा. आकडा बारावरून एकवर उडी मारतो त्यामुळे इथे सरावलेलेही अडखळतात आणि दीड समजून बसतात.

अर्ध्याच्या आजूबाजूची मिनिटं

इथपर्यंत जमलं तरी एक पायरी उरते. जर्मन लोक अर्ध्या तासाला एक खांब मानतात आणि त्याच्या अलीकडची-पलीकडची मिनिटं त्या खांबापासून मोजतात. 'फोर' म्हणजे आधी, 'नाख' म्हणजे नंतर. 'फ्युन्फ फोर हाल्प द्राय' म्हणजे अडीचला पाच कमी, दोन पंचवीस. 'फ्युन्फ नाख हाल्प द्राय' म्हणजे अडीच वाजून पाच मिनिटं, दोन पस्तीस.

मराठीत हे जसंच्या तसं बसतं. 'अडीचला पाच कमी' हे आपणही म्हणतोच. इंग्रजीतून गेलात तर 'फाइव्ह बिफोर हाफ थ्री' असं काहीतरी विचित्र तयार होतं आणि डोकं गरगरतं.

दोन वीस आणि दोन चाळीस या वेळांना दोन-दोन नावं चालतात. दोन वीसला कुणी 'त्स्वान्त्सिश नाख त्स्वाय' म्हणेल, म्हणजे दोन वाजून वीस. कुणी 'त्सेन फोर हाल्प द्राय' म्हणेल, अडीचला दहा कमी. दोन्ही बरोबर. आणि घाईच्या बोलण्यात तासाचा आकडाच गाळतात: "त्सेन फोर हाल्प!" अर्ध्याला दहा कमी. कोणत्या अर्ध्याला, ते तुम्ही घड्याळ बघून ओळखायचं.

पाव तासाचा गोंधळ: इथे खुद्द जर्मनच भांडतात

अर्ध्या तासाबाबत सगळा जर्मनभाषक प्रदेश एकमताने बोलतो. पाव तासाबाबत मात्र नाही.

पुस्तकात शिकवतात ती पद्धत सोपी आहे. 'फिर्टल नाख त्स्वाय' म्हणजे सव्वादोन, दोननंतर पाव. 'फिर्टल फोर द्राय' म्हणजे पावणेतीन, तीनच्या आधी पाव. आपला 'पावणे' हाही 'पादोन'पासून आला, पाव ऊन म्हणजे पाव कमी. तेव्हा पावणेतीन आणि 'फिर्टल फोर द्राय' ही शब्दशः भावंडं.

पण जर्मनीच्या पूर्वेकडे, म्हणजे झाक्सन, थ्युरिंगेन या राज्यांत, नैऋत्येकडच्या श्वाबेन भागात, तसंच ऑस्ट्रियाच्या पूर्व भागात लोक म्हणतात 'फिर्टल द्राय'. मध्ये ना फोर, ना नाख. हे किती वाजले? अर्ध्याचं तर्कशास्त्र इथे लावा. तिसऱ्या तासाचा पाव भाग झालाय. म्हणजे सव्वादोन. आणि 'द्रायफिर्टल द्राय', पाऊण तीन, म्हणजे तिसऱ्या तासाचा पाऊण भाग झालाय: पावणेतीन. ही पाऊणवाली वेळ बायर्नसह दक्षिण जर्मनीत आणखी मोठ्या भागात चालते.

हॅम्बुर्ग किंवा कोलोनकडच्या माणसाला 'फिर्टल द्राय' ऐकून कपाळावर आठ्या पडतात. आणि हे म्हणणाऱ्याला त्या आठ्यांचं आश्चर्य वाटतं. त्याचं म्हणणं असं: तुम्ही अर्धा म्हणता तेव्हा तिसऱ्या तासाचा अर्धा धरता, मग पाव म्हणताना तिसऱ्या तासाचा पाव का धरत नाही? तर्काने बघितलं तर त्याची बाजू भक्कम आहे. पाव तीन, अर्धा तीन, पाऊण तीन, तीन. ग्लास भरत जावा तसा तास भरत जातो. पुस्तकी पद्धतीत अर्धा एका नियमाने आणि पाव दुसऱ्या नियमाने चालतो. पण भाषा तर्कावर चालत नाहीत हेही खरं, नाहीतर आपणही 'साडेदोन' म्हटलं असतं.

मराठी मुलांसाठी हा भाग नुसता गमतीचा नाही. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याबाबत करार केला. श्वाबेनचा मोठा भाग याच राज्यात येतो. म्हणजे पुस्तकातून 'फिर्टल नाख' शिकून गेलेल्या मुलाला तिथल्या वयस्क सहकाऱ्याच्या तोंडून 'फिर्टल द्राय' ऐकू येण्याची चांगलीच शक्यता आहे.

एक दुपार

समजा, एक मराठी नर्स श्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गावात नुकतीच रुजू झाली आहे. तिला दाताच्या डॉक्टरांकडे जायचंय आणि नंतर कामावर. फोनवर दवाखान्यातली बाई सांगते, "हाल्प द्राय." शेजारीण सांगते, बस 'फ्युन्फ नाख त्स्वाय'ला आहे. आणि वॉर्डमधली सिस्टर सांगते, "फिर्टल फीअरला ये."

इंग्रजीच्या वाटेने गेली तर तिचा दिवस असा आखला जाईल: डॉक्टर साडेतीनला, काम बहुतेक सव्वाचारला. मग दोन पाचची बस तिला उगाच लवकरची वाटेल. ती तासाभरानंतरची पकडेल. दवाखान्यात पोहोचेल तोवर तिची वेळ टळून गेलेली असेल, आणि वॉर्डमध्येही ती तासभर उशिरा उगवेल.

आता नीट लावून बघू. हाल्प द्राय म्हणजे अडीच. दोन पाचची बस त्याच्याशी जुळते. फिर्टल फीअर म्हणजे चौथ्या तासाचा पाव भाग, चौथा तास तीन ते चार, म्हणून सव्वातीन. डॉक्टर अडीचला, काम सव्वातीनला. मध्ये पाऊण तास. सगळं एकमेकांशी जुळलं.

या उदाहरणात तिला वाचवू शकणारी एक खूण होती: बसची वेळ. डॉक्टर साडेतीनला असेल तर शेजारीण दोन पाचची बस का सुचवेल? दोन वेळा एकमेकींशी जुळत नसतील तर बहुधा 'हाल्प' किंवा 'फिर्टल' उलटं ऐकलेलं असतं. 'फिर्टल' ऐकल्यावर लगेच निष्कर्ष काढू नका, पुढचा शब्द येऊ द्या. फोर आला तर पावणे. नाख आला तर सव्वा. थेट आकडाच आला तर बोलणारा पूर्वेकडचा किंवा दक्षिणेकडचा, आणि वेळ त्या आकड्याच्या आधीच्या तासातली.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे सरकारी पद्धतीने उलट विचारणं: "फिअरत्सेन ऊअर द्रायसिश?" चौदा वाजून तीस? जर्मनीत रेल्वेची घोषणा, टीव्हीचा कार्यक्रम, अपॉइंटमेंटची चिठ्ठी, सगळीकडे चोवीस तासांचं घड्याळ आणि साधा क्रम चालतो. आधी तास, मग मिनिटं. चिठ्ठीवर 14:30 लिहिलेलं असतं, तिथे गोंधळाला जागाच नाही. असं विचारणं कुणाला उद्धट वाटत नाही, जर्मन लोक स्वतःही करतात. फक्त दोन्ही पद्धतींची खिचडी करू नका. 'हाल्प फ्युन्फत्सेन', अर्धा पंधरा, असं कुणी म्हणत नाही. हाल्प आणि फिर्टल बारा तासांच्या घड्याळातच राहतात, आणि सकाळ की दुपार हे गरज पडली तर वेगळा शब्द जोडून सांगतात.

फोनवर आणखी एक अडचण असते. त्स्वाय आणि द्राय, दोन आणि तीन, खरखरत्या लाइनवर सारखेच ऐकू येतात. म्हणून जर्मन लोक फोनवर दोनला मुद्दाम 'त्स्वो' म्हणतात. 'हाल्प त्स्वो' ऐकलंत तर तो दीड आहे, नवा आकडा नाही.

वाजले अडीच, पण लागले अडीच तास

मराठीचा हात धरून आलेल्यांना एक खड्डा मात्र मराठीच खणून ठेवते. आपण 'अडीच वाजता' आणि 'अडीच तास' दोन्हीकडे एकच शब्द वापरतो. जर्मनमध्ये तसं चालत नाही. 'हाल्प द्राय' हा फक्त घड्याळातला क्षण. प्रवासाला अडीच तास लागले हे सांगायचं तर 'त्स्वाय-आइन-हाल्प' तास म्हणायचं, दोन-आणि-अर्धा. इथे जर्मन बेरजेकडे वळते.

जुन्या जर्मनमध्ये अडीचसाठी 'ड्रिटहाल्प' असा शब्द होता, तिसरा-अर्धा, हुबेहूब अर्धतृतीय. तो आता वापरातून गेला. पण त्याचा धाकटा भाऊ जिवंत आहे: 'आन्डर्टहाल्प', म्हणजे दीड. यातल्या 'आन्डर'चा जुना अर्थ 'दुसरा', म्हणून दुसरा-अर्धा. आपला 'दीड'ही प्राकृत 'दिवड्ढ'मार्गे 'द्व्यर्ध'पासून आला, त्यातही दोन आणि अर्धाच आहेत. 'आन्डर्टहाल्प' तास म्हणजे दीड तास, हा शब्द आजही रोजच्या बोलण्यात ऐकू येतो.

आणि डॅनिश लोकांनी तर हा हिशेब घड्याळाबाहेर नेऊन मोजणीतच घुसवलाय. त्यांचा पन्नाससाठीचा शब्द आहे 'हाल्ट्रेस', लिहिताना halvtreds. फोड केली तर 'अर्धा-तिसरा गुणिले वीस'. अडीच विसा पन्नास.